दवाखान्याचा परिणाम आणि ओसरलेला पावसाळा

प्रश्न: नमस्कार. मी मुंबईत आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. आमच्या भागातल्या वीस वस्त्यांपैकी सहा वस्त्यांत सरकारी योजनेतून ऑक्टोबरमध्ये संध्याकाळचा मोफत दवाखाना सुरू झाला. कुठल्या वस्तीला द्यायचा हे आमच्या हातात नव्हतं, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून गट पाडणं शक्यच नव्हतं. ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत आम्ही ६०० घरांना महिन्याचा औषधपाण्याचा खर्च विचारला. दवाखान्याच्या वस्त्यांत तो सरासरी १,२४० वरून ७६० रुपयांवर आला, बाकीच्या वस्त्यांत ९३० वरून ६४० वर. म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेसने १९० रुपयांची बचत, पी-व्हॅल्यू ०.००१. साहेबांना अहवालात हाच आकडा हवाय. लिहू का? (आदल्या वर्षीही याच दोन महिन्यांत सर्व्हे झाला होता, पण तेव्हा दवाखाना नव्हता म्हणून तो घेतला नाही.)

उत्तर:

अजून लिहू नका. वजाबाकी बरोबर आहे. सहा वस्त्यांत ४८० ने घट, चौदांत २९० ने, उरले १९०. पण या १९० मध्ये दवाखान्याचा वाटा किती आणि ओसरलेल्या पावसाळ्याचा किती, हे तुमच्या दोन फेऱ्यांतून कळत नाही. ते ज्या सर्व्हेतून कळेल तोच तुम्ही कंसात टाकून बाजूला ठेवलात. तेव्हा दवाखाना नव्हता, म्हणूनच तो कामाचा आहे.

डिफ-इन-डिफमध्ये दोन वजाबाक्या असतात. पहिली प्रत्येक गटाच्या आत: नंतरचा खर्च वजा आधीचा. वस्तीत जे कायमचं आहे, म्हणजे गरिबी, उघडी गटारं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जायची जुनी सवय, ते तिथेच निघून जातं. दुसरी वजाबाकी दोन गटांतल्या बदलांची. सगळ्यांच्याच बाबतीत जे बदललं, म्हणजे ऋतू, औषधांचे भाव, दिवाळीनंतरची कडकी, ते तिथे निघतं. उरलेलं आपण योजनेच्या खात्यावर जमा करतो. त्यासाठी एकच अट, पण ती अवघड: दवाखाना आलाच नसता, तर त्या सहा वस्त्यांतला खर्च बाकीच्या चौदांइतकाच बदलला असता. याला समांतर कल म्हणतात.

दोन्ही गट सारखे असायला हवेत, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्याकडे १,२४० आणि ९३० असा फरक सुरुवातीपासून आहे. पुष्कळ जण तो बघून घाबरतात, पण नुसता तो फरक असणं हा दोष नाही. बदल सारखा असायला हवा होता. आणि तो तपासता येत नाही, कारण दवाखान्याशिवायचा फेब्रुवारी त्या सहा वस्त्यांनी पाहिलाच नाही. आपण फक्त आजूबाजूचे पुरावे गोळा करू शकतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न आकडेमोडीचा नसतो. मी विचारतो, याच सहा वस्त्या का? त्यासाठी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसावं लागतं. निवडीची टिपणी फाइलमध्ये असते, नसली तर ज्यांच्या हातून ती फाइल फिरली त्या कारकुनाला आठवत असतं. मला साधारण तीन उत्तरं मिळत आली आहेत. ‘जिथे जागा मिळाली तिथे’ हे त्यातलं सगळ्यात चांगलं. मुंबईत जागा कुठे मिळेल याचा आजारपणाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे निवड जवळजवळ चिठ्ठीसारखीच होते. दुसरं उत्तर, लोकप्रतिनिधींचा आग्रह. त्यातही लगेच बिघडत नाही, पण ज्यांच्या आग्रहाने दवाखाना येतो त्यांच्याच आग्रहाने त्याच हिवाळ्यात शौचालय आणि नळाची जोडणीही येते. मग तुम्ही मोजता तो सगळ्या गठ्ठ्याचा परिणाम. तिसरं उत्तर, ‘गेल्या पावसाळ्यात जिथे रुग्ण सगळ्यात जास्त होते तिथे.’ ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटतं, आणि डिफ-इन-डिफसाठी तेच सगळ्यात धोक्याचं.

का, ते माझ्या फजितीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळांच्या एका योजनेचं मूल्यमापन आम्ही केलं होतं. योजना मिळालेल्या शाळांत हजेरी छान वाढली, बाकीच्यांत जागच्या जागी राहिली, आम्ही फरक काढला आणि अहवाल देऊन मोकळे झालो. नंतर एका वयस्कर कारकुनाने मूळ यादी दाखवली. आदल्या वर्षी हजेरी सगळ्यात कमी असलेल्या शाळा तीत निवडल्या होत्या, आणि पैसे पुरले नाहीत म्हणून यादीतल्या शेवटच्या काही शाळा वगळल्या होत्या. त्या वगळलेल्या शाळांची हजेरी काढली तर तीही जवळजवळ तितकीच वाढलेली. कुठल्याही शाळेचं एखादं वर्ष वाईट जातं. कुठे साथ, कुठे रस्त्याचं काम, कुठे शिक्षकच नाहीत. वाईट वर्ष पाहून शाळा निवडली की पुढचं वर्ष बरं जाणारच, योजना येवो न येवो. तो अहवाल परत मागवून दुरुस्त करावा लागला. तेव्हापासून मी निवडीच्या यादीबरोबर थोडक्यात हुकलेल्यांची यादीही मागतो. यादीत होत्या पण जागेअभावी राहिल्या अशा दोन-तीन वस्त्या तुमच्या चौदांत असतील, तर त्याच तुमच्या तुलनेला सगळ्यात जवळच्या.

तुमच्या बाबतीत मला मात्र चौथी शक्यता जास्त वाटते. त्या सहांपैकी बऱ्याच वस्त्या सखल भागात असाव्यात. ऑगस्टचा १,२४० हा आकडा तसं सुचवतो. सखल वस्तीत पाणी तुंबतं, लोक त्यातून चालत कामावर जातात. लेप्टोचा धोका तिथेच, साचलेल्या पाण्याने मलेरिया-डेंग्यूही तिथेच, आणि घरं दमट राहिल्याने मुलांचा खोकला हटत नाही. उंचावरच्या वस्तीतही ऑगस्टमध्ये खर्च वाढतो, पण इतका नाही. फेब्रुवारीत पाणी ओसरलेलं असतं, दोन्हीकडचा खर्च उतरतो, आणि जिथे जास्त चढला होता तिथे जास्त उतरतो. ऋतू सगळ्यांना सारखाच, तो दुसऱ्या वजाबाकीत निघून जाईल, असं आपण धरून चालतो. पण पाऊस सगळीकडे सारखा पडला तरी पाणी सगळीकडे सारखं भरत नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

आता तो बाजूला ठेवलेला सर्व्हे काढा. त्याचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून समजण्यापुरते मी माझ्या मनाने घेतो. तुमच्या फाइलमधले आकडे त्या जागी घाला. खालच्या पहिल्या दोन ओळी माझ्या, शेवटच्या दोन तुमच्या.

| फेरी | दवाखान्याच्या ६ वस्त्या | बाकीच्या १४ | फरक, रुपये | किती पट |
|---|---|---|---|---|
| आदल्या वर्षी ऑगस्ट | १,१८० | ९०० | २८० | १.३१ |
| आदल्या वर्षी फेब्रुवारी | ८१० | ६२० | १९० | १.३१ |
| या वर्षी ऑगस्ट | १,२४० | ९३० | ३१० | १.३३ |
| या वर्षी फेब्रुवारी | ७६० | ६४० | १२० | १.१९ |

आधी रुपयांचा रकाना पाहा. आदल्या वर्षी दवाखाना नव्हता, तरी ऑगस्ट ते फेब्रुवारी दोन गटांतलं अंतर २८० वरून १९० वर आलं. म्हणजे तुमचीच रीत आदल्या वर्षाला लावली, तर नसलेल्या दवाखान्याने ९० रुपये वाचवले! ही लुटुपुटीची परीक्षा, म्हणजे प्लासिबो, आणि त्यात आपली रीत नापास झाली. आता या वर्षीच्या १९० तून हे ९० वजा केले की १०० उरतात. ही तिसरी वजाबाकी. आधी गटाच्या आत, मग गटागटांत, मग वर्षावर्षांत.

दुसरी वाट, ऋतू जुळवायचा. ऑगस्टला हात न लावता फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशी करायची. अंतर १९० चं १२० झालं, म्हणजे ७० ची घट. हा आकडा १०० पेक्षा कमी येतो, कारण या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अंतर आदल्या वर्षीपेक्षा ३० नी जास्त होतं. पहिल्या हिशेबात ते वाढलेलं अंतर फेब्रुवारीपर्यंत टिकलं असतं असं धरलं जातं, दुसऱ्यात धरलं जात नाही. कुठलं खरं, हे आकडेवारी सांगणार नाही. या वर्षी सहा वस्त्यांत काही तरी कायमचं बिघडलं होतं का, एखादा नाला बुजला, बांधकामाने पाण्याची वाट अडली, हे वस्तीत फिरणाऱ्या तुमच्या आरोग्यसेविकांना विचारा.

आता शेवटचा रकाना. पटीत पाहिलं तर आदल्या वर्षी ऑगस्टलाही १.३१ आणि फेब्रुवारीलाही १.३१. सहा वस्त्यांतला खर्च ३१ टक्क्यांनी उतरला, चौदांतलाही ३१ नीच. म्हणजे माझ्या या आकड्यांत रुपयांत कल समांतर नाही, टक्क्यांत आहे. सुरुवातीची पातळी वेगळी असेल आणि काळानुसार काही बदलत असेल, तर दोन्हींत एकदम समांतर असणं शक्यच नाही. ९३० चे ३० टक्के आणि १,२४० चे ३० टक्के वेगळेच येणार. म्हणून रुपये घ्यायचे की टक्के हे सवयीने ठरवू नका, वेगवेगळ्या पातळीच्या गटांत तो अंदाजाचा पायाच असतो. आजारपणाच्या खर्चाबाबत मी सहसा टक्क्यांकडे झुकतो, कारण पाऊस असलेल्या आजारपणाला वाढवतो, प्रत्येक घरात ठरावीक रुपये टाकत नाही. तसं धरलं तर दवाखान्याशिवाय सहा वस्त्यांतला फेब्रुवारीचा खर्च सुमारे ८५३ रुपये असता (१,२४० गुणिले ६४०, भागिले ९३०). प्रत्यक्षात ७६०. वाचले ९३ रुपये, साधारण ११ टक्के.

७०, ९३, १००. वाटा वेगवेगळ्या, पण तिन्ही एकमेकांच्या आसपास आणि तिन्ही १९० पासून लांब. मला असे आकडे मिळाले असते तर माझा जीव भांड्यात पडला असता. तुमचे तिन्ही जुळले नाहीत, तर कुठल्या गृहीतकाने कुठला आकडा हलतो ते लिहून काढा.

टक्क्यांत हिशेब करायला सहसा खर्चाचा लॉग घेतात, आणि तिथे एक खड्डा आहे. खूप घरांत महिन्याचा खर्च शून्य असतो, आणि शून्याचा लॉग निघत नाही. मग लोक खर्चात १ मिळवून लॉग घेतात. ते करू नका. शून्याची घरं जास्त असली की, खर्च रुपयांत मोजला की पैशांत, एवढ्यावरूनसुद्धा उत्तर बदलतं. त्याऐवजी पॉइसन रिग्रेशन वापरा, त्यात शून्य तसंच चालतं आणि गुणक पटीच्या लॉगमध्ये मिळतो. ‘पॉइसन फक्त मोजणीच्या आकड्यांना’ असं वर्गात शिकवतात, पण इथे त्याची अडचण नाही. आर मध्ये एवढंच:

```r
library(fixest)
m <- fepois(kharch ~ i(pheri, davakhana, ref = 3) | vasti + pheri,
            data = d, cluster = ~vasti)
iplot(m)
```

`pheri` १ ते ४, `davakhana` सहा वस्त्यांना १ आणि बाकीच्यांना ०, चारही फेऱ्यांत तोच. तिसरी फेरी, म्हणजे दवाखान्याआधीचा ऑगस्ट, शून्यावर धरली आहे. घराऐवजी वस्ती टाकली, कारण आदल्या वर्षीची घरं तीच होती का ते तुम्ही सांगितलेलं नाही. माझ्या आकड्यांवर पहिल्या दोन फेऱ्यांचे गुणक −०.०२ च्या आसपास येतील, चौथ्याचा −०.११६, म्हणजे साधारण ११ टक्के घट. पहिले दोन शून्याला चिकटलेले आणि शेवटचा खाली, हे चित्र हवं. पहिल्या दोनांत चढ-उतार दिसला तर थांबा. पण ते शून्याजवळ आले म्हणून समांतर कल सिद्ध झाला असंही नाही. सहाच वस्त्या असताना गुणकाभोवतीचे अनिश्चिततेचे पट्टे इतके रुंद येतात की बराच मोठा फरकही त्यात लपून बसतो. म्हणून गुणक शून्याजवळ आहे का हे पाहिल्यावर पट्टा कुठून कुठपर्यंत जातो हेही बघा.

इथून पी-व्हॅल्यूवर येऊ. तुमचा ०.००१ मला पटत नाही, कारण तो बहुधा ६०० घरं सुटी धरून आलेला आहे. पण दवाखाना घराला मिळाला नाही, वस्तीला मिळाला. एका वस्तीतली तीस घरं एकाच नाल्याकाठी राहतात, एकाच डॉक्टरकडे जातात, एकत्र आजारी पडतात. माहितीचे तुकडे ६०० नाहीत, २० आहेत, आणि त्यात दवाखान्याचे सहाच. २००४ मध्ये बर्ट्रांड, डफ्लो आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी हे फार छान दाखवलं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाची आकडेवारी घेतली, कुठल्या राज्यात कधी लागू झाला हे नुसतं मनाने ठरवून खोटे कायदे रचले आणि डिफ-इन-डिफ केलं. ५ टक्क्यांच्या कसोटीवर अशा खोट्या कायद्यांचा परिणाम १०० पैकी ५ वेळा दिसायला हवा. नेहमीच्या पद्धतीने चूक मोजली तर तो ४५ वेळांपर्यंत दिसला.

वरच्या कोडमधलं `cluster = ~vasti` त्यासाठीच आहे. पण सहा-चौदाच्या खेळात तेही पुरत नाही, त्यानेही चूक कमीच दिसते. मी अशा वेळी सोपं काम करतो. वीस वस्त्यांतून कुठल्याही सहा उचलतो, त्यांना दवाखाना मिळाला होता असं मानतो आणि तोच गुणक काढतो. वीसांतून सहा उचलायच्या ३८,७६० तऱ्हा आहेत, त्यातल्या पाच हजार पुरे. मग माझा खरा गुणक या खोट्यांच्या रांगेत कुठे बसतो ते पाहतो. पाच हजारांत दोनशेच त्याच्याइतके किंवा जास्त लांब गेले, तर पी-व्हॅल्यू ०.०४. साहेबांना समजावून सांगायलाही हे सोपं जातं: ‘कुठल्याही सहा वस्त्या घेतल्या तरी इतका फरक शंभरात चार वेळा दिसतो.’ तुमचा ०.००१ यातून ०.०५ च्या पलीकडे गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि गेला तरी परिणाम नाही असं लिहू नका. सहा वस्त्यांवरून इतक्याच खात्रीने सांगता येतं, असं लिहा.

आकडेमोडीबाहेरच्या दोन गोष्टी तुम्हालाच वस्तीत जाऊन पाहाव्या लागतील. एक, दवाखान्याच्या रजिस्टरमधले पत्ते. शेजारच्या, तुमच्या ‘बाकीच्या’ वस्तीतली माणसं चालत येऊन फुकट औषध घेऊन जात असतील, तर त्यांचाही खर्च उतरला असणार. तुलनेचा गट स्वतःच योजनेत भिजलेला, आणि तुमचा आकडा खऱ्यापेक्षा लहान. पंधरा मिनिटांच्या चालीच्या आतल्या वस्त्या वगळून हिशेब पुन्हा करा. आकडा मोठा झाला तर शेजारच्यांनाही दवाखान्याचा फायदा मिळत होता.

दुसरी, भाडेकरू. अकरा महिन्यांच्या करारावरची घरं ऑगस्ट ते फेब्रुवारीत हात बदलतात. खोलीचा नंबर तोच, कुटुंब वेगळं. आजारपणाने टेकीला आलेलं कुटुंब गावी निघून गेलं आणि तिथे दोन तरुण मुलगे राहायला आले, तर सरासरी खर्च उतरतो आणि त्याचं श्रेय दवाखाना घेतो. दोन्ही फेऱ्यांत तीच माणसं भेटली अशी घरं वेगळी काढा. दोन्ही गटांत किती घरं गळली तेही मोजा. गळती दोन्हीकडे सारखी असेल तर फारशी चिंता नको.

प्रश्नावलीत दातांचा आणि चष्म्याचा खर्च वेगळा विचारला असेल तर त्यावरही हाच हिशेब लावा. संध्याकाळच्या दवाखान्यात दात काढत नाहीत आणि चष्मे देत नाहीत. तिथेही ११ टक्के घट दिसली, तर त्या हिवाळ्यात सहा वस्त्यांत दुसरंच काही तरी घडलं: काम कमी झालं, हातात पैसा नव्हता, किंवा लोकांनी सर्व्हेला कंटाळून खर्च कमी सांगायला सुरुवात केली. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिने माझे दोन अहवाल वाचवले आहेत.

चिठ्ठ्या टाकता आल्या नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या कॉलऱ्यात हेच केलं. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ अंगाला नेली. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी जुन्याच घाण पट्ट्यातून पाणी देत राहिली. त्याने १८४९ ची साथ आणि १८५४ ची साथ दोन्हीकडच्या भागांत ताडून पाहिली. साथीची तुलना साथीशी केली, हे लक्षात घ्या. ऑगस्टची फेब्रुवारीशी नाही.

तिसऱ्या वजाबाकीचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण बिहारचं. २००६ मध्ये तिथे नववीच्या मुलींना सायकली द्यायची योजना आली. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांना मुलींची तुलना मुलांशी करता आली असती, पण मुलींची पटसंख्या योजनेशिवायही मुलांपेक्षा वेगाने वाढत होती. म्हणून त्यांनी शेजारचा झारखंड घेतला. २००० पर्यंत तो बिहारचाच भाग होता आणि तिथे ही योजना नव्हती. तिथे मुलामुलींतलं अंतर आपोआप किती कमी झालं ते मोजून बिहारच्या आकड्यातून वजा केलं. त्यांच्यासाठी झारखंडने जे काम केलं तेच तुमच्यासाठी आदलं वर्ष करतंय.

अहवालात काय लिहायचं? मी असं लिहीन: ‘या सहा वस्त्यांत फेब्रुवारीत कुटुंबाचा औषधपाण्याचा खर्च दवाखान्यामुळे महिन्याला सुमारे ७० ते १०० रुपयांनी कमी झालेला दिसतो. पावसाळ्याचा वेगवेगळा परिणाम न काढता केलेल्या हिशेबात तो १९० दिसतो.’ आकडे अर्थात तुमच्या फाइलमधले. १९० लपवू नका, साहेबांनी तो ऐकलेला आहे, त्याचं काय झालं ते त्यांना कळू दे. आणि ‘मुंबईत’ लिहू नका, ‘या सहा वस्त्यांत’ लिहा. उंचावरच्या वस्तीत हाच दवाखाना इतकेच पैसे वाचवेल, असं यातून निघत नाही. फेब्रुवारीचा आकडा बाराने गुणून वर्षाची बचतही काढू नका. दवाखान्याचा पावसाळा तुम्ही अजून पाहिलेलाच नाही, आणि खरी गर्दी तेव्हाच होणार.

त्यासाठी पुढच्या ऑगस्टची फेरी लागेल, आणि इथे घाई आहे. बाकीच्या चौदा वस्त्यांतही दवाखाने उघडायचा बेत असेल, तर तुलनेच्या गटाला मुदत आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचं तेच झालं. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही होते, आणि २१ नोव्हेंबर २०१३ ला सगळ्या राज्यात पोहोचली. योजना असलेले आणि नसलेले जिल्हे एकमेकांशेजारी ठेवून पाहायला मधले सोळा-सतरा महिनेच होते. राष्ट्रीय नमुना पाहणीची मोठी आरोग्य फेरी झाली जानेवारी ते जून २०१४ मध्ये, तेव्हा योजना नसलेला जिल्हाच उरला नव्हता.

दवाखाने टप्प्याटप्प्याने उघडले तर आणखी एक सांभाळा. चारही फेऱ्या आणि पुढच्याही एकाच समीकरणात कोंबल्या, तर सॉफ्टवेअर आधी दवाखाना मिळालेल्या सहा वस्त्यांनाच नंतरच्यांसाठी तुलनेचा गट म्हणून वापरू लागतं. त्या सहांत परिणाम अजून वाढत असेल, तर नंतरच्यांचा परिणाम कमी, कधी कधी उलटाही दिसतो. गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये हे उलगडून दाखवलं आहे. उपाय साधा: ज्या वस्तीत त्या तारखेपर्यंत दवाखाना उघडलेला नाही तिलाच तुलनेला घ्या. आर मधलं `did` पॅकेज, त्यात `control_group = "notyettreated"` लिहिलं की, हे करतं. त्यासाठी प्रत्येक वस्तीत दवाखाना नक्की कुठल्या तारखेला उघडला ते लागतं. उद्घाटनाची तारीख नको, डॉक्टर पहिल्यांदा बसले ती हवी. दोन्हींत दोन-तीन महिन्यांचं अंतर मी पाहिलं आहे. वॉर्ड ऑफिसात निवडीची टिपणी बघायला जाल तेव्हा पुढच्या टप्प्याची यादीही विचारून घ्या, आणि त्यातला पहिला दवाखाना उघडायच्या आत चौदाही वस्त्यांत एक फेरी उरकून घ्या.